सीट गेली, हँडल तिथंच राहिलं: रोइंग मशीनवरच्या स्ट्रोकचा क्रम

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललं तसंच ठेवलं आहे.)

मागच्या दोन-तीन भागांत आपण धावण्याबद्दल बोललो. आज जिममधल्या कोपऱ्यातल्या त्या लांबलचक मशीनबद्दल बोलूया, ज्यावर बहुतेकजण पाच मिनिटं बसतात आणि उठतात. रोइंग मशीन. आणि त्यातही सगळं नाही, एकच गोष्ट. एका स्ट्रोकमध्ये पाय, धड आणि हात कोणत्या क्रमानं कामाला लागतात, आणि ती वेळ चुकली की ताकद नेमकी कुठे गळते.

सुरुवात एका काकांपासून करते. वय ५४, नियमित येणारे, शिस्तीचे. एक दिवस माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, मी रोज वीस मिनिटं हे मशीन मारतो. घाम निघतो, सगळं होतं. पण संध्याकाळी कंबर धरते. आणि गंमत म्हणजे पाय अजिबात दुखत नाहीत. हा तर पायांचा व्यायाम आहे म्हणतात ना?"

मला वाटतं, काकांनी स्वतःच निदान सांगून टाकलं होतं. पाय थकत नाहीत आणि कंबर थकते, याचा अर्थ पायांची ताकद साखळीपर्यंत पोचतच नाहीये. पाय ढकलतायत, पण वेगळ्याच कशाला तरी.

मी स्वतः कॉलेजात असताना पुण्यात नदीवर रोइंग शिकले. तेव्हा हीच चूक मी जवळजवळ एक वर्ष केली होती, म्हणून ती लांबूनही ओळखू येते.

क्रम नेमका काय आहे

आधी क्रम नीट समजून घेऊ. मशीनवर तुम्ही चाकाच्या जवळ, गुडघे दुमडून बसलेले आहात. नडग्या साधारण उभ्या, हात सरळ, आणि धड कंबरेच्या खुब्यातून थोडं पुढे झुकलेलं. चाक उजवीकडे आहे असं समजून बाजूनं पाहिलं, तर धड घड्याळात एक वाजल्यासारखं दिसायला हवं. या जागेला कॅच म्हणतात.

इथून ओढायला सुरुवात झाली की त्याला ड्राइव्ह म्हणतात. ड्राइव्हमध्ये पहिल्यांदा पाय ढकलतात. धड पुढे झुकलेलं तसंच राहतं, हात सरळ तसेच राहतात. पाय बरेचसे सरळ होत आले, हँडल गुडघ्यांच्या वर यायला लागलं, की धड उघडायला लागतं, एक वाजल्यापासून अकरा वाजल्यापर्यंत. आणि धड उघडत असतानाच, शेवटी, कोपरं वाकतात आणि हँडल छातीच्या खालच्या भागाशी येतं. ही फिनिश. परत जाताना बरोब्बर उलटं. आधी हात सरळ, मग धड पुढे, मग गुडघे दुमडायचे. त्याला रिकव्हरी म्हणतात.

पाय, धड, हात. हात, धड, पाय. पाठ करायला दोन मिनिटं लागतात. पण हा क्रम असाच का, हे कळलं नाही तर तो पाठ करून काही उपयोग नाही. म्हणून ते बघू.

मशीनच्या पुढच्या डब्यात एक चाक आहे, फ्लायव्हील. त्याला पाती आहेत आणि ती हवा कापतात. साखळी त्या चाकाला फ्रीव्हीलनं जोडलेली असते, अगदी आपल्या सायकलसारखी. उतारावर सायकल वेगात चाललीये, तुम्ही पायडल हळू मारलं तर काय होतं? पायडल नुसतं फिरतं, काही लागत नाही. चाकाच्या वेगापेक्षा जास्त वेगानं मारलं तरच पायाला भार जाणवतो. रोइंग मशीनचंही तसंच. हँडलचा वेग चाकाच्या वेगाला गाठतो तेव्हाच साखळीला ताण येतो.

आता, तुम्ही परत पुढे येत असता तेव्हा चाक एकटं फिरत असतं आणि हवेमुळे मंदावत असतं. म्हणजे कॅचच्या क्षणी चाक सगळ्यात हळू असतं. तिथे त्याला पुन्हा वेग द्यायचा असतो, म्हणून तिथे मोठ्या ताकदीचे स्नायू हवेत: मांड्या आणि नितंब. ओढत ओढत शेवटाकडे आलो की चाक आणि हँडल दोन्ही वेगात असतात. तिथे फार ताकदीची नाही, चपळ हालचालीची गरज असते. हात ताकदीनं कमी, पण चपळ. म्हणून हात शेवटी. आणि धड? ते ताकदीनं आणि वेगानं या दोघांच्या मधलं, म्हणून मध्ये.

किती वाटा कोणाचा, याचे आकडे शिकवणाऱ्यानुसार बदलतात. पायांचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त, मग धड, मग हात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

टोचनची दोरी

आता मुख्य मुद्दा. आपण म्हणतो "आधी पाय", आणि ऐकणाऱ्याला वाटतं, पहिल्या टप्प्यात धड आणि हात मोकळे, त्यांचा नंबर यायचाय. इथेच सगळं बिघडतं. त्यांचा *हलायचा* नंबर नंतर आहे, पण *धरून ठेवायचा* नंबर पहिल्या क्षणापासून आहे.

बघा, पाय पायपट्टीला ढकलतात. चाक साखळीला आहे. साखळी हँडलला, हँडल हाताला, हात खांद्याला, खांदा पाठीला, पाठ खुब्याला, आणि खुबा पायाला. पायांची ताकद साखळीत जायला दुसरा रस्ताच नाही. ती धडातूनच जाणार.

बंद पडलेली गाडी टोचन करून नेताना पाहिलीये ना? दोरी सैल असेल तर पुढची गाडी निघते, चार-पाच फूट जाते, मागची गाडी जागेवरच. मग दोरी ताणते आणि खाड्कन हिसका बसतो. दोरी आधीच ताणलेली असेल तर दोन्ही गाड्या एकदम निघतात.

काकांचं धड सैल दोरीसारखं होतं. पाय सरळ व्हायला लागले, सीट मागे गेली, पण खांदे आणि हँडल जवळपास जागेवरच राहिले. मग ती वाढलेली लांबी आली कुठून? तर पाठीतून. धड आणखी पुढे वाकलं, कंबरेत गोल झालं. इंग्रजीत याला "शूटिंग द स्लाइड" म्हणतात. आमच्या क्लबात साधं "सीट निसटली" म्हणायचे. मी तेच म्हणते.

सीट निसटली की दोन गोष्टी होतात. एक, पायांनी केलेलं काम साखळीत न जाता स्वतःचं बूड मागे सरकवण्यात जातं. काम म्हणजे बल गुणिले अंतर, आणि हँडलनं अंतरच कापलं नाही तर चाकाला काही मिळत नाही. दोन, आणि ही जास्त महत्त्वाची, पाय आता सरळ होऊन गेलेत, म्हणजे खर्च होऊन गेलेत. पण चाक अजून मंदच आहे आणि त्याला वेग द्यायचं काम बाकी आहे. ते कोण करणार? वाकलेली, गोल झालेली कंबर. जमिनीवर पाय पसरून बसा, पुढे वाका आणि कोणालातरी हात धरून पुढे ओढायला सांगा, आणि त्या स्थितीतून पाठीनं सरळ व्हायचा प्रयत्न करा. (खरंच करू नका, कल्पना करा.) काका वीस मिनिटं, मिनिटाला अठ्ठावीस वेळा, हेच करत होते.

रोइंग करणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार कंबरदुखीचीच आहे. त्याची कारणं अनेक असतात, पण थकल्यावर कॅचला कंबर जास्त जास्त गोल होत जाणं हे त्यातलं एक.

नावेत ही चूक लपत नाही. वल्हं पाण्यात नीट धरलेलं नसताना पायांनी ढकललं, तर तुम्ही प्रत्यक्षात नावेलाच उलट दिशेनं ढकलता. नाव थबकते, आणि तुमच्या मागे बसलेला माणूस शिव्या घालतो. मशीन जमिनीवर घट्ट उभं असतं. ते काही बोलत नाही. आकडा थोडा कमी येतो, एवढंच. म्हणून जिममध्ये लोक वर्षानुवर्षं सीट निसटवत राहतात आणि त्यांना पत्ता नसतो.

कसं ओळखायचं

काकांना मी हे तोंडी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नाही हो ताई, मी तर बरोबर ओढतो." माझंही कॉलेजात तसंच झालं होतं. स्वतःला हे जाणवत नाही, कारण पाय ढकलल्याचं खरंच जाणवत असतं. म्हणून मोजायचं.

मशीनच्या ज्या लोखंडी पट्टीवर सीट सरकते, तिच्यावर मी रंगीत चिकटपट्टीच्या खुणा केल्या, दर १० सेंटीमीटरला एक. फोन बाजूला स्टुलावर ठेवला, मशीनपासून तीनेक मीटर लांब, हँडलच्या उंचीला. जवळ ठेवला तर सगळं तिरकं दिसतं आणि माप चुकतं. स्लो मोशनमध्ये दहा स्ट्रोक घेतले, पहिले चार सोडून दिले आणि पुढचे पाहिले.

प्रश्न एकच विचारायचा: सीट २० सेंटीमीटर मागे गेली तेव्हा हँडल किती गेलं?

नीट स्ट्रोकमध्ये दोन्ही जवळपास सारखी. सीट २०, हँडल २०, एखाद-दोन इकडे तिकडे. काकांची सीट २० गेली तेव्हा हँडल गेलं होतं ७. मधली १३ सेंटीमीटर पाठीनं गिळली होती. काकांच्या पायांची सगळी सरक मिळून होती साधारण ५५ सेंटीमीटर. म्हणजे पायांच्या कामाचा जवळजवळ पाव भाग हवेत गेला. तोही पहिला पाव, जिथे पायांची सगळ्यात जास्त गरज असते.

व्हिडिओ दाखवला तेव्हा काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस खुर्चीवर मागे-पुढे बसत होतो."

दुसरी खूण मशीनच्या पडद्यावर दिसते. कॉन्सेप्ट टूच्या मशीनवर डिस्प्ले बदलत गेलात तर एक आलेख येतो, प्रत्येक स्ट्रोकच्या बलाचा. नीट स्ट्रोकचा आलेख एका टेकडीसारखा दिसतो. पटकन चढतो, वर गोलसर होतो आणि सावकाश उतरतो. सीट निसटली की सुरुवातीला एक लहानसा उंचवटा येतो, मग खळगा, आणि मग उशिरा दुसरी टेकडी. पहिला उंचवटा पायांचा, दुसरी टेकडी कंबरेची. मधला खळगा म्हणजे ती सैल दोरी. आलेख किती उंच आहे याकडे आत्ता बघू नका, तो एकसंध आहे का एवढंच बघा.

उलट्या बाजूच्या दोन चुका

आता गंमत अशी की लोकांना "सीट निसटू देऊ नका" सांगितलं की ते लगेच दुसऱ्या टोकाला जातात. काकाही गेले. या दोन चुका समजून घ्या, कारण पहिली सुधारताना त्या हमखास येतात.

पहिली: धड लवकर उघडणं. हँडल सीटबरोबर आलं पाहिजे ना, मग कॅचलाच खांदे मागे फेकायचे. झालं, हँडल आलं! व्हिडिओत सीट ५ गेली आणि हँडल २० आलं. आता आकडे उलटे झाले. पण इथे मंद चाकाला पहिला वेग पाय नाही, कंबरच देतेय. आणि पाय नंतर ढकलतात तेव्हा धड आधीच अकरा वाजलेलं असतं, त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. स्ट्रोकच्या मध्यावर व्हिडिओ थांबवून बघा. गुडघे अजून अर्धे दुमडलेले आहेत आणि धड उभं किंवा मागे झुकलेलं आहे, तर ही चूक आहे. त्या क्षणी खांदे अजून खुब्यांच्या पुढेच असायला हवेत.

दुसरी: कोपरं लवकर वाकवणं. ही सगळ्यात नैसर्गिक चूक, कारण "ओढा" म्हटलं की माणूस हातानंच ओढतो. पण वाकलेलं कोपर हा दोरीतला ढिला सांधा आहे. पाय जोरात ढकलतात, त्या ताकदीपुढे दंडाचे स्नायू टिकत नाहीत, कोपर परत थोडं सरळ होतं आणि तेवढी लांबी वाया जाते. शिवाय हात आधीच वाकून बसलेत, म्हणून शेवटी, जिथे चाक वेगात आहे आणि हातांच्या चपळाईची गरज आहे, तिथे त्यांना जायला जागाच नसते. आलेखाचा उतार अर्ध्यावर कोसळतो. अंगाला कळणारी खूण म्हणजे दंड आणि मनगटाच्या वरचा भाग आधी भरून येणं.

इथे मला रस्सीखेच फार उपयोगी पडते. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधीतरी खेळलेली असते. चांगला गडी रस्सी हातानं ओढत नाही. हात सरळ, अंग एक करून, टाचा रोवतो आणि पायांनी जमीन ढकलतो. हात म्हणजे फक्त आकडे. काकांना मी एवढंच म्हटलं, "काका, हँडल ओढू नका. हँडलला लटका, आणि पायपट्टी लांब ढकला." लटकणं हा शब्द त्यांना लागू पडला. लटकल्यावर खांद्याच्या मागे, काखेखाली जो ताण येतो तो पहिल्या क्षणापासून जाणवायला हवा. तो आला की दोरी ताणलेली आहे.

चूक दिसते कॅचला, होते मात्र आधीच

आता यातला मला सगळ्यात उशिरा कळलेला भाग. मी कॉलेजात वर्षभर कॅच सुधारत बसले होते. "आता धड घट्ट, आता धड घट्ट." सुधारत नव्हतं. कारण चूक कॅचला नव्हती, त्याच्या आधीच्या दीड सेकंदात होती.

परत येताना क्रम काय? हात, धड, पाय. हात सरळ होऊन गुडघ्यांच्या पुढे गेले पाहिजेत, मग धड खुब्यातून पुढे झुकून एक वाजलं पाहिजे, आणि मग गुडघे उठले पाहिजेत. म्हणजे कॅचला धड जसं हवंय, ते सीट निम्म्यावर यायच्या आधीच तयार असायला हवं. उरलेला रस्ता धडानं काही करायचंच नाही, फक्त सीटबरोबर यायचं.

घाईत येणारा माणूस काय करतो? फिनिशनंतर लगेच गुडघे वर घेतो. हात अजून पोटाशी. मग हँडल गुडघ्यांना अडतं आणि त्याला वरून उडी मारावी लागते. बाजूनं बघितलं तर साखळी सरळ न जाता मध्ये टेकाडासारखी उठते. ही खूण लांबूनही दिसते. असा माणूस धड न झुकवताच पुढे येऊन पोचतो, आणि मग शेवटच्या क्षणी त्याच्या लक्षात येतं की हात पुरेसे पुढे गेले नाहीत. तो खांद्यातून आणि कंबरेतून झेप घेतो. ती झेप अजून चालू असते, धड अजून पुढे पडत असतं, आणि पाय ढकलायला सुरुवात करतात. पडत असलेलं धड ताकद कशी वाहून नेणार? सीट निसटणारच.

म्हणून वेळेचं गणित सांगते. मिनिटाला २० स्ट्रोक म्हणजे एका स्ट्रोकला ३ सेकंद. त्यातला साधारण एक सेकंद ओढण्याचा आणि दोन सेकंद परत येण्याचे. एकास दोन. काका मिनिटाला २८ मारत होते, म्हणजे स्ट्रोकला दोन सेकंदांहून थोडं जास्त, आणि त्यात जाण्या-येण्याला जवळपास सारखाच वेळ. अनुभवी माणूस २८ लाही क्रम सांभाळतो. शिकणाऱ्याला तेवढ्या वेळात धड तयार करायला सवडच मिळत नाही.

काकांचे सहा आठवडे

आम्ही काय केलं ते सांगते. फार काही नाही, तीनच गोष्टी.

आधी मशीनच्या बाजूचा दांडा, डॅम्पर, १० वर होता तो ४ वर आणला. बऱ्याच जणांना तो वजनाचा आकडा वाटतो. तसं नाही. त्यानं चाकाच्या डब्यात किती हवा शिरते ते ठरतं. १० वर चाक दोन स्ट्रोकच्या मध्ये जास्त मंदावतं, म्हणून प्रत्येक कॅच जड होतो. क्रम शिकताना तो जडपणा कंबरेवर कशाला घ्यायचा?

दुसरं, रोज पहिली सहा मिनिटं तुकड्यांची. दोन मिनिटं फक्त पाय: धड एक वाजलेलंच, हात सरळच, नुसती सीट मागे-पुढे आणि हँडल तिच्याबरोबर. स्ट्रोक अगदी आखूड होतो, वेग काहीच दिसत नाही, काका वैतागायचे. पण इथे सीट निसटली तर लगेच कळतं, कारण हँडलला हलवणारं दुसरं कोणी उरलेलंच नसतं. मग दोन मिनिटं पाय आणि धड, हात सरळच. मग दोन मिनिटं पूर्ण स्ट्रोक.

तिसरं, थांबा. परत येताना हात सरळ झाले, धड झुकलं, गुडघे अजून सरळ आहेत, तिथे एक क्षण पूर्ण थांबायचं. मनात "एक" म्हणायचं आणि मगच गुडघे उचलायचे. या थांब्यानं धड आधी तयार होतं आणि शेवटची झेप आपोआप बंद होते. माझ्या मते तिन्हींत हाच उपाय सगळ्यात कामाचा.

दर आठवड्याला व्हिडिओ. सीट २० ला हँडल ७, मग ११, मग एकदा ते २६ झालं, म्हणजे धड लवकर उघडायला लागले होते. पुन्हा फक्त-पायवाला तुकडा वाढवला. सहाव्या आठवड्यात सीट २०, हँडल १८.

आता पडद्यावरचे आकडे. आधी काका २००० मीटर मारायचे ते ५०० मीटरला २:२४ या गतीनं, मिनिटाला २८ स्ट्रोक. सहा आठवड्यांनी गती २:२२, आणि स्ट्रोक २२. तुम्ही म्हणाल, दोन सेकंद फक्त? थांबा, गणित करू. हे मशीन गतीवरून वॉट काढतं: एका मीटरला किती सेकंद लागले त्याचा घन करायचा, आणि २.८० ला त्यानं भागायचं. २:२४ म्हणजे मीटरला ०.२८८ सेकंद, त्याचे येतात सुमारे ११७ वॉट. २:२२ चे सुमारे १२२. फरक लहानच. पण एका स्ट्रोकमध्ये किती काम झालं बघा. ११७ वॉट म्हणजे मिनिटाला ७०२० जूल, भागिले २८, साधारण २५० जूल. १२२ चे ७३२०, भागिले २२, साधारण ३३३ जूल. प्रत्येक स्ट्रोकमध्ये तिसऱ्या हिश्श्यानं वाढ.

आणि २००० मीटरला आधी लागायचे सुमारे २६९ स्ट्रोक, आता २०८. साठ वेळा कंबर कमी वाकली, आणि वाकली तेव्हाही सरळ राहून वाकली. कंबरेचं दुखणं चौथ्या आठवड्यात कमी झालं. काका आता जिना उतरताना मांड्या धरतात. मला येऊन कौतुकानं सांगतात, "ताई, आज पाय दुखतायत!"

थोड्या मर्यादा

दोन-तीन गोष्टी सांगितल्या नाहीत तर अर्धवट होईल.

पाय, धड, हात हा क्रम म्हणजे तीन वेगळे डबे नाहीत. एक संपला मग दुसरा सुरू, असं केलं तर आलेखात तीन टेकड्या येतात आणि माणूस यंत्रमानवासारखा दिसतो. पाय पूर्ण सरळ व्हायच्या थोडं आधी धड निघतं, धड पूर्ण उघडायच्या आधी हात निघतात. एकमेकांवर थोडे चढलेले, कौलांसारखे. किती चढायचे यावर जगभरच्या शिकवणीत फरक आहेत. पूर्व जर्मनीच्या जुन्या पद्धतीत धड जवळजवळ पायांबरोबरच निघायचं, अमेरिकन प्रशिक्षक ॲलन रोझेनबर्ग यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत आधी पाय आणि मग धड. नामांकित रोअर दोन्ही तऱ्हांनी जिंकलेत. पण दोन्हीत दोरी पहिल्या क्षणापासून ताणलेली असते. सैल दोरी कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

दुसरं, काहींना एक वाजल्याची जागा गाठताच येत नाही, कारण मांडीच्या मागच्या शिरा किंवा घोटे आखडलेले असतात. त्यांनी कमी पुढे यावं. स्ट्रोक पाच-सात सेंटीमीटरनं आखूड झाला तरी चालेल. कंबर गोल करून मिळवलेली लांबी ही लांबी नाहीच, ती पुढच्याच क्षणी निसटून जाते. पायपट्टी एक-दोन भोकं खाली घेतली तरी खूप फरक पडतो.

आणि तिसरं, कंबरेतून पायात उतरणारी कळ, मुंग्या, किंवा बरगडीत एकाच जागी बोट ठेवलं की दुखणारी जागा, यावर स्ट्रोक सुधारणं हा उपाय नाही. मशीन सोडा आणि डॉक्टरांना दाखवा.

तर आज एवढंच. पुढच्या वेळी मशीनवर बसलात की चिकटपट्टी आणि फोन घेऊन जा. सीट २० गेली तेव्हा हँडल किती गेलं, तो आकडा मला कळवा. ७ आला तरी लाजू नका. कॉलेजात माझाही तेवढाच होता.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.